अर्धं मिनिट मागे

टीव्ही लावायचा तर लाव, पण लाइव्ह काही नको. आणि कोचाच्या त्या खिडकीकडच्या टोकाला बसू नकोस, इकडे खुर्चीत बस. रागावू नकोस गं, कारण सांगते. वर्षभर नवऱ्याशिवाय कोणाला सांगितलं नाही, आता गप्प बसायचाही कंटाळा आलाय.

धाकट्या बहिणीचं लग्न तिकडे सातासमुद्रापार, आम्ही इकडे. आई माझ्याकडे होती. तिला हृदयाचा झटका येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. डॉक्टर म्हणाले, विमानप्रवास जपून ठरवा. 'नको' असं ते म्हणालेच नव्हते. नको मी म्हटलं. रजा मिळत नव्हती, अंगात त्राण नव्हतं, रुग्णालयाच्या लाँड्रीत चादरी धुऊन धुऊन माझाच पिळा झाला होता. आई एवढंच म्हणाली, "पहिल्या रांगेत बसेन, असं कबूल केलं होतं गं तिला."

म्हणून मग लाइव्ह. मामेभाऊ तिकडे कॅमेरा लावणार होता. आमच्या इथले काका-काकू आणि त्यांची मुलं पाच वाजता लग्न बघायला आमच्याकडे येणार होती. नवरा त्यांना आणायला स्टेशनवर गेला होता. त्याआधी सगळं चालतंय ना हे बघायला मामेभावाने चाचणीची वेगळी लिंक पाठवली होती, फक्त मला. मी आदल्या रात्रीपासून सलग दोन पाळ्या करून आले होते. कधी एकदा डोळे मिटते असं झालं होतं.

चार वाजता टीव्हीवर ते पान उघडलं. काळी चौकट, "थोड्याच वेळात सुरू होईल". बाहेर अंधारून आलं होतं. आई खिडकीकडच्या टोकाला, निळी शाल पांघरून, पाय स्टुलावर टाकून बसली होती.

"लागलं का?"

"नाही."

"परत कर ना ते."

पुन्हा रिफ्रेश. पुन्हा काळी चौकट. असं वीसेक वेळा झालं असेल. मामेभाऊ फोनवर स्पीकरला होता. "ताई, तुझ्या रिफ्रेशने माझा कॅमेरा लवकर सुरू होत नाही हां," तो म्हणाला. मग मोकळ्या सभागृहात त्याचा आवाज घुमला, "इकडून चालू केलं बघ आता. जरा थांब. चित्राचे काही सेकंदांचे तुकडे होऊन येतात. चारपाच तुकडे जमले की तुझ्याकडे चालू होतं. म्हणून तू कायम अर्धं मिनिट मागे."

चित्र आलं. आवाज बंदच होता, पान उघडलं की तसंच होतं म्हणे. रिकामं सभागृह, पांढरी कव्हरं घातलेल्या खुर्च्यांच्या रांगा. पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर एक कागद चिकटवला होता. त्यावर धाकटीच्या अक्षरात 'आई'.

"हात हलवतोय, बघ," तो म्हणाला. मी मनात आकडे मोजले. अठ्ठावीसला तो पडद्यावर आला आणि त्याने हात हलवला. खालच्या कोपऱ्यात लिहिलं होतं, 'एक जण पाहत आहे'.

आईला दाखवायला वळले, तर तिला डुलकी लागली होती. म्हटलं झोपू दे. पुन्हा पडद्याकडे पाहिलं.

कडेच्या खुर्चीत कोणीतरी बसलं होतं. पाठमोरी बाई. पांढरा अंबाडा, डावा खांदा किंचित खाली, निळी शाल.

"पहिल्या रांगेत कोण आहे रे?" मी विचारलं.

"कोणी नाही."

"आता नाही... अर्ध्या मिनिटापूर्वी?"

"ताई, सकाळपासून मी आणि या खुर्च्या. दाराला आतून कडी आहे."

मी रिफ्रेश केलं. काळी चौकट, गोल फिरणारं चक्र... आणि शेजारी आईने दचकून श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा. चित्र परत आलं, तर खुर्ची रिकामी होती. नुसता कागद.

"काय गं तू!" आई वैतागून म्हणाली. "नीट टेकले पण नव्हते."

"कुठे?"

"खुर्ची कडेची दिलीय, बरं झालं. पाय लांब करता येतो. पंखा मात्र डोक्यावर आहे, पाठ गार पडते." मग अगदी हळू म्हणाली, "ते सारखं परत परत करू नकोस. केलंस की मला यावं लागतं."

मी तिची पाठ चाचपली. बर्फ. आमच्या खोलीत हीटर भणाणत होता, आणि तरीही खोलीला त्या बंद सभागृहातल्या ताज्या फुलांचा वास येत होता.

"आई, मला भीती वाटते. नको जाऊस."

"धाकटीला एकदा बघते. मग येते मी माझी."

तिचे डोळे मिटले. मी मनगट धरून बसले. नाडी लागत होती, मग चाचपडावी लागत होती. पडद्यावर खुर्ची पुन्हा भरली होती. रिमोट माझ्या मांडीवर होता, अंगठा बटणावर. दाबलं की आई परत येणार, हे मला कळत होतं. पण एकदा 'नको' म्हणून मी तिला अडवलं होतं गं. दुसऱ्यांदा कोणत्या तोंडाने अडवू?

फोनवर दाराची कडी काढल्याचा आवाज आला, आणि अर्ध्या मिनिटाने पडद्यावर धाकटी आली. केसात फुलं, पायात साध्या चपला. खुर्चीचा कागद जरा निसटला होता तो तिने सारखा केला आणि तिथेच उभी राहिली. तिला काही दिसत नव्हतं. खुर्चीतल्या हाताने मात्र तिच्या गालावरून बोटं फिरवली. इकडे कोचावर आई हसली. झोपेत हसतात तशी.

आणि मनगटातली नाडी थांबली.

"ताई," फोनवर मामेभाऊ म्हणाला, "झकास चाललंय सगळं. चाचणी बंद केली बघ."

"अरे, थांब! बंद नको करूस!"

"केली की. काय झालं?"

पडद्यावर अजून चित्र चालू होतं. शिल्लक राहिलेलं अर्धं मिनिट. आई खुर्चीतच होती. ते तुकडे संपेपर्यंत मी नुसतं बघत बसायचं होतं. पण माझा धीर सुटला. मी बटण दाबलं.

काळी चौकट आली. "हे प्रक्षेपण संपले आहे. रेकॉर्डिंग तयार होत आहे." दाबत राहिले. दाबत राहिले. तेच.

रुग्णवाहिका बोलावली, छाती दाबली, जे जे येत होतं ते सगळं केलं. काका-काकू जिन्यात पोचले तेव्हा आईला स्ट्रेचरवर घेत होते. लग्न पार पडेपर्यंत धाकटीला कळू द्यायचं नाही, असं काकांनी ठरवलं. मला पडद्यासमोर बसवलं, कारण धाकटी मध्येच व्हिडिओ कॉल करणार होती. तिने केला. मी सांगितलं, आई बघतेय गं, डोळे भरून बघतेय.

आठवड्याने मामेभावाने चाचणीचं रेकॉर्डिंग पाठवलं. "रिकामं सभागृह आहे नुसतं, हवंय कशाला?" म्हणाला. मला ते शेवटचं अर्धं मिनिट बघायचं होतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा आई खुर्चीतून उठली, वळली आणि थेट कॅमेऱ्याकडे चालायला लागली. कबूल केल्याप्रमाणे यायलाच निघाली होती गं. मी दम धरला असता तर... दोन पावलं टाकली आणि चित्र संपलं.

नवऱ्याला त्यात खुर्च्याच दिसतात. म्हणतो, तू थकली आहेस. थकले आहेच. तरी रोज पाळीवरून आले की एकदा बघते. फाइल तेवढीच आहे, अर्धं मिनिट तेवढंच. पण दर वेळी ती बोटभर पुढे सरकलेली असते. परवा कॅमेऱ्याच्या तिवईला तिची शाल घासून गेली. काल नुसता निळा रंग होता, चौकटभर.

आज अजून बघितलेलं नाही. तू तेवढी त्या कोचावरची उशी सरळ कर. आणि पाठीमागची खिडकी लाव, तिला गार लागतं.