विमलेचा जवाब

बसा दोघं. विराट, तो मोबाईल उलटा ठेव. दिव्यश्री, तू निघाली होतीस ना तणतणत? चप्पल काढ आणि बस. भांडा, खुशाल भांडा, गाणंच भांडणाचं आहे. पण त्यानं सवाल टाकला आणि तुझा जवाब व्हायच्या आत बैठक मोडली, हे माझ्या घरात चालणार नाही. का चालणार नाही ते आता सांगते. वीज कधी येईल ते त्या खात्यालाच ठाऊक, तोवर ऐका. ऐकीव नाही हे. मी तिथं होते.

बनशंकरीचे श्रीवत्स आणि विमला तुम्ही पाहिलेत. मंडळाच्या गणपतीत तीस वर्षं त्यांचं 'दार' हे गाणं झाल्याशिवाय आरती होत नसे. तबल्यावर मी. बायकांनी तबला वाजवू नये म्हणणारे सगळे गेले, मी अजून वाजवते. कुणी शिकवलं नाही मला. भिंतीपलीकडून ऐकून शिकले.

तर ते गाणं. नवरा रात्री उशिरा येतो, दार बंद. तो म्हणतो कडी होती, ती म्हणते नव्हती. दार एकच, बाजू दोन. तो गायचा,

"परतलो मी उशिराने, कडी आतून होती,
हाक मारली तीनदा, तू जागी का नव्हती?"

आणि ती त्याचाच शेवटचा शब्द उचलायची,

"नव्हती कडी लावलेली, दार होतं लोटलेलं,
हात लावून पाहिलंस, की मनानेच ठरवलेलं?"

शब्द उचलायचा हा नियम. न उचलता गायलीस तर जवाब धरत नाहीत. दुसऱ्या फेरीत दोघांनी जागेवर नवं रचायचं, दर वर्षी वेगळं. आणि शेवटी जोडकडवं. तिच्या जवाबाचा शेवटचा शब्द तो उचलतो, ती त्याच्यावर आपले शब्द चढवते, दोघं एकाच वेळी वेगवेगळं गातात आणि समेवर एकत्र येतात. भांडण तिथं मिटतं.

सुराचंही नीट ऐका, पुढे कामाला येईल. बाप्याचा आणि बाईचा षड्ज एक धरला तर एकाला खर्जात गुदमरायला होतं, नाहीतर दुसरीला किंचाळावं लागतं. श्रीवत्स पेटीच्या काळी एक पट्टीचा. विमला काळी तीनची. म्हणजे त्याचा मध्यम तोच तिचा षड्ज, आणि त्याचा षड्ज तिचा पंचम. म्हणून माझा तबला काळी एकला लावला की दोघांना चालायचा. तंबोऱ्याची पहिली तार मात्र पंचमावरून उतरवून मध्यमाला आणायची, नाहीतर विमलेला उभं राहायला जागाच नाही. मध्यम लागला, की समजायचं ती गाणार आहे.

आणि विडा. सवाल करणारा विडा पुढे सरकवतो. जवाब असेल तिनं उचलायचा. जोडकडवं झालं की अर्धा अर्धा खायचा, लवंग त्याच्या वाटणीला.

दोन हजार चोवीस. एकोणतीस ऑगस्ट, गुरुवार. त्यांच्या घरी तालीम. त्या आठवड्यात दोघांचं खरंच वाजलं होतं. विमलेला मैसूरला एकटीनं गायचं बोलावणं आलं होतं. जन्मात पहिल्यांदा एकटीला. ह्यानं नको म्हणून सांगितलं होतं. का? उगाच. पुरुषाला कारण लागत नाही. दुसऱ्या फेरीत तो गायला,

"तीस वर्षं माझ्यामागे तुझा आवाज चालला,
माझ्या सुरावाचून, सांग, सूर तुझा कुणी ऐकला?"

विडा सरकवला. विमलेनं त्याच्याकडे पाहिलं. विडा उचलायला हात पुढे केला. श्वास घेतला तिनं, मी पाहिला तो श्वास. आणि हा उठला. मला हातानं खूण केली, बस्स.

मी ठेका थांबवला.

थांबवायला नको होता. आजवर कुणाला बोलले नव्हते, तुम्हाला सांगते. मी वाजवत राहिले असते तर ती गायली असती. माझे हात थांबले. विमला म्हणाली, "अक्का, माझं व्हायचंय." मी म्हटलं, "उद्या हो." पहाटे ती गेली. झोपेत. डॉक्टर म्हणाले, हृदय.

मैसूर राहिलं. जवाबही राहिला.

वर्ष गेलं. गेल्या वर्षीच्या गणपतीआधी श्रीवत्सचा फोन, "अक्का, 'दार' रेकॉर्ड करायचं आहे. येलहंकाला एक मुलगा आहे, यशोवर्धन, घरच्या तळघरात त्याचा स्टुडिओ आहे. मी माझं गातो, विमलेच्या जागा मोकळ्या सोडतो. मंडळातली भव्या दुसऱ्या दिवशी येऊन त्या भरेल." हल्ली असंच करतात. एकमेकांचं तोंड न बघता भांडतात.

चौदा ऑगस्ट, गुरुवार. दुपारी दोनला निघालो. बनशंकरी ते येलहंका म्हणजे शहराच्या ह्या टोकाहून त्या टोकाला, मांडीवर माझा तबला, त्याच्या मांडीवर वही. वाटेत त्यानं गाडी थांबवून विड्याची पानं घेतली. फुलवाली म्हणाली, "अण्णा, स्वल्प, जरा बघून घ्या, कोवळी आहेत." ह्यानं गाडीतच विडा बांधला. लवंग टोचली.

"कुणासाठी रे?" मी विचारलं.

"पद्धत आहे, अक्का."

"आणि दुसऱ्या फेरीला काय गाणार?"

"तेच. तो सवाल उघडा पडलाय. मिटवायचाय."

"जवाब कुठून आणणार?"

त्यानं वही उघडून दाखवली. विमलेचा जवाब ह्यानं स्वतः लिहिला होता! "ऐकला तो तुझ्यामुळेच" असा सुरू होणारा. पुढचं मी वाचलं नाही.

"सवाल तुझा आणि जवाबही तूच?" मी म्हटलं. "लाज वाटत नाही? तिच्या तोंडून माफी मागवतोस?"

तो हळूच म्हणाला, "अक्का, ती काय म्हणाली असती हे मला कळत नाही हो. झोप येत नाही मला. काहीतरी म्हणू दे तिला."

मी वही मिटून त्याच्या मांडीवर ठेवली. माझेही हात होते त्यात.

संध्याकाळी आधी माझा तबला घेतला. केरवा ताल, एक आवर्तन तीन सेकंदांचं. तिच्या प्रत्येक कडव्याला आठ आवर्तनं मोकळी. म्हणजे चोवीस सेकंद. मग मी काचेच्या अलीकडे यशोवर्धनाशेजारी बसले. पलीकडच्या खोलीत श्रीवत्स एकटा. कानांवर हेडफोन, समोर माइक, शेजारी स्टुलावर विडा. दार बाहेरून जाड, आत कापूस भरलेलं. तंबोरा पेटीचा, विजेवरचा, आमच्या टेबलावर. काळी एक, पंचमावर. एकटाच गाणार होता ना तो, मध्यम कशाला?

सात चाळीसला सुरू केलं.

पहिली फेरी झाली. मोकळ्या जागेत नुसता ठेका आणि तंबोरा. यशोवर्धन कॉफी पीत होता. सगळं ठीक.

दुसरी फेरी. श्रीवत्सनं सवाल टाकला. "…सूर तुझा कुणी ऐकला?" आवाज कापला त्याचा, पण सुरात होता. सवयीनं विडा पुढे सरकवला. समोर कुणी नव्हतं.

मोकळी जागा सुरू झाली.

पहिलं आवर्तन.

दुसरं.

तंबोरा उतरला.

पंचमावरून मध्यमावर. मला विचारा, माझं आयुष्य त्या दोन सुरांत गेलंय. यशोवर्धनाचे दोन्ही हात कपावर होते. माझे मांडीवर.

"आजी, तुम्ही बटण…?"

"नाही."

मग त्यानं संगणकाच्या पडद्याकडे बोट केलं. श्रीवत्सच्या माइकची रेघ. ती हलत होती. उठत होती, पडत होती. शब्दागणिक. पण आवाज… काही नाही. मी त्याचे हेडफोन ओढून कानांना लावले. ठेका. तंबोरा. बाकी काही नाही.

"अण्णा गातायत का?"

काचेतून बघितलं. श्रीवत्सचं तोंड मिटलेलं होतं. घट्ट. डोळे माइकवर.

पाचवं आवर्तन… सहावं…

रेघ हलत होती. मधे थांबायची. जिथं विमला श्वास घ्यायची, बरोबर तिथं.

सातवं…

मी कान देऊन ऐकत होते. देवा, एक शब्द. एक तरी.

आठवं. समेवर रेघ उभी राहिली. आणि आडवी झाली.

आता श्रीवत्सनं शब्द उचलायचा. शेवटचा शब्द. जोडकडवं. ठेका चालू. त्यानं तोंड उघडलं. बंद केलं. वहीकडे बघितलं, आपण लिहिलेला शब्द घ्यायला गेला… घसा हलला. आवाज आला नाही. पुन्हा. आला नाही. ठेका पुढे गेला. माझाच ठेका. ह्या वेळी मला थांबवता येईना.

तो काचेकडे वळला. त्याच्या माइकमधून आम्हाला ऐकू आलं,

"अक्का… काय म्हणाली ती?"

मी काचेजवळ गेले.

"अक्का, तुम्ही ऐकलंत ना?"

मी मान हलवली. नाही.

यशोवर्धनानं ती जागा परत लावली. तीनदा लावली. पडद्यावर आता रेघ सरळ. ठेका, आणि मध्यमावर तंबोरा. चोवीस सेकंद. तंबोऱ्याचं बटण बघितलं तर पंचमावरच.

मी जाड दार उघडून आत गेले. श्रीवत्स स्टुलाकडे बघत उभा होता. विडा अर्धा होता. दातांनी तोडलेला. उरलेल्या अर्ध्यात लवंग.

म्हणजे तिनं विडा उचलला, पोरांनो. जवाब दिला तिनं. तालात दिला, सुरात दिला, समेवर आणून सोडला. आम्हालाच ऐकू आला नाही.

श्रीवत्स आता गात नाही. रोज ते चोवीस सेकंद लावून बसतो. शेवटचा शब्द कळल्याशिवाय जोडकडवं होत नाही, आणि जोडकडवं झाल्याशिवाय त्याला आपला वाटा खाता येत नाही. भव्याला मंडळानं कळवलं, येऊ नकोस. मी महिन्यातून एकदा जाते, शेजारी बसते. दुसरं काय करणार? मीही ऐकते. काही ऐकू येत नाही.

तो अर्धा विडा त्यानं घरच्या बाजाच्या पेटीच्या झाकणावर ठेवलाय, उघडा. विड्याचं पान दोन दिवसांत मान टाकतं, तुम्हाला ठाऊक आहे. ह्याला अकरा महिने झाले.

काल बघून आले. हिरवा आहे. दातांच्या कडेला अजून ओल आहे.

वीज आली वाटतं. राहू दे, दिवा लावू नकोस. विराट, तंबोऱ्याची पहिली तार मध्यमाला आण. दिव्यश्री, म्हण तुझा जवाब. मी ठेका धरते. थांबवणार नाही.