मैत्रीतून वगळलेलं नाव

डोळे मिटा बरं क्षणभर. धुळ्यातल्या एका दवाखान्याचा व्हरांडा, फिनेलचा वास, एक लांब बाक. बाकावर असोद्याची कामिनी आणि तिची चिमुरडी भाची रूपा. आत कामिनीच्या वडिलांचं, चुडामण आबांचं, ऑपरेशन चाललंय. कामिनीचे हात जोडलेले, ओठ पुटपुटताहेत... दिसली? आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला बघा. साक्रीचा कुंदन पाठ ताठ ठेवून, डोळे मिटून बसलाय. त्याची आई प्रमिलाबाईही ऑपरेशनसाठी आतच.

"तुम्ही देवाला काय मागता?" रूपाने सरळ विचारलं.

कुंदनने डोळे उघडले. "काहीच नाही. आम्ही बौद्ध. मी श्वास बघतोय. नाकाशी आत येतो, बाहेर जातो. मन पळालं की न रागावता परत आणायचं."

"मग ऐकतं कोण?" कामिनीला राहवेना.

"कोणीच नाही. घाबरलेलं मन आपलं आपल्यालाच दिसतं. बुद्धांनी वाट दाखवली, चालायचं आपण."

"अगं बाई! मी तर आमच्या कानबाई देवीशी भांडतेसुद्धा. सगळं सांगून टाकलं की हलकं वाटतं."

"ते छानच की... कोणीतरी ऐकणारं असणं," तो म्हणाला, आणि तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला.

दोन्ही ऑपरेशनं नीट झाली. मग रोज त्याच बाकावर चहा, घरची केळी आणि थट्टा. बघता बघता आबांना घरी न्यायचा दिवस उजाडला. गाडी दारात आली, तरी दोघं बाकावरच. मधे रूपा बसलेली.

"ध्यानानंतर तुम्ही मैत्री करता ना, सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून?" कामिनी हळूच म्हणाली.

"हो. आधी स्वतःसाठी, मग गुरूंसाठी, मित्रासाठी, अनोळखी माणसासाठी. शेवटी ज्याच्याशी वैर आहे त्याच्यासाठी."

"त्यात... माझं नाव येतं का हो?"

"नाही."

तिचा चेहरा पडला. "वैऱ्याचं येतं, माझं नाही? मी तर कानबाईला आबांच्या पाठोपाठ तुमचंच..." तिने जीभ चावली.

कुंदनचे कान लाल झाले. "जुन्या लोकांनी बजावलंय, जिच्याकडे मन ओढलं जातं तिच्यापासून सुरुवात करू नये. आसक्ती मैत्रीचं सोंग घेऊन येते. मी एकदा करून बघितलं... मैत्री राहिली बाजूला, तुमचं हसूच दिसत बसलं!"

कामिनी खाली बघून हसली. गाडीचा हॉर्न वाजला.

"कधी कुणाकडे काही मागितलं नाही," तो घाईने म्हणाला. "आज मागतो. असोद्याला येऊन आबांशी बोलू?"

"आबा लगेच हो म्हणायचे नाहीत."

"थांबता येतं मला. तुमचं काय?"

"या," ती म्हणाली. "आबांचं मी कानबाईशी बोलते."

रूपाने दोघांकडे बघितलं. मग ती मधून उठली, बाकाच्या टोकाला जाऊन बसली, डोळे गच्च मिटले आणि हात जोडून म्हणाली, "कानबाईमाता, आता थोडा वेळ तूपण डोळे मिट."