मुलाच्या वडिलांचा निरोप

स्थळाचा पहिला निरोप मुलाच्या वडिलांनीच पाठवायचा, असं बाबांचं ठाम मत. मध्यस्थाने फक्त नाव सुचवावं. मुलाने तर त्यात तोंडच घालू नये. म्हणून त्या शनिवारी दुपारी जेवणं आटोपल्यावर ते सोफ्याच्या एका टोकाला ताठ बसले, फोन मुलीच्या हातात दिला आणि म्हणाले, “लिही. मी सांगतो.”

सोफा जुना, मऊ गाद्यांचा. भिंतीला बाबांचा नकाशे काढायचा फळा टेकवलेला. तीस-पस्तीस वर्षं त्यांनी बांधकाम खात्यात आरेखक म्हणून रेघा मारल्या होत्या. आता डोळ्यांनी दगा दिला होता. मुलगी चष्म्याच्या दुकानात काम करायची, तीन चष्मे बदलून झाले, पण फोनवरची अक्षरं काही त्यांना लागेनात. आता चष्म्याचा दोष नव्हता, हे तिलाही कळत होतं.

“कोणासाठी लिहू, बाबा?”

“कोणासाठी म्हणजे? तुझ्या दादासाठी! घरात अजून कोण घोडनवरा आहे?”

दादाला जाऊन चार महिने झाले होते. लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा तो. एका इमारतीत वर दोर बदलताना लिफ्टच्या बोगद्यात पडला, तेव्हा घरी बाबा त्याच्या फोनची वाट बघत होते. त्या दिवसापासून बाबांच्या बोलण्यात दादा नोकरीवर जातो, उशिरा येतो, ग्रीसचे हात टॉवेलला पुसतो. डॉक्टर म्हणाले होते, तोडून बोलू नका, हळूहळू स्वतःच येतील भानावर. आई लहानपणीच गेलेली. या दोघांना वाढवणारी आत्याही गेल्या वर्षी गेली. उरली ही एकटी. जरा भांडं पडलं की दचकणारी. दादा तिला ‘भागूबाई’ म्हणायचा. या भागूबाईच्या जिवाला आता एकच घोर होता. बाबाही हातचे जायला नकोत.

“आत्याने एक स्थळ सुचवलं होतं,” बाबा म्हणाले. “नंबर तिच्याकडेच होता. बघ तुझ्याकडे आहे का.”

तिने क्षणभर विचार केला. मग आत्याचाच बंद पडलेला नंबर ‘मुलीचे वडील’ या नावाने बाबांच्या फोनमध्ये घातला. निरोप जाणार नाही, एकच खूण राहील, बाबा दोन दिवस वाट बघून विसरतील. साधी, प्रेमाची लबाडी. असं तिला वाटलं.

“हां. सांगा.”

“सप्रेम नमस्कार. आपला प्रत्यक्ष परिचय नाही. माझ्या भगिनींकडून आपल्या कन्येविषयी समजलं.”

“नाव कशाला सांगायचं आत्याचं?”

“अगं, कोणाकडून कळलं हे नाही लिहिलं तर तो निरोप कसला, जाहिरात झाली ती. समोरच्याला चौकशी कुठे करायची ते कळलं पाहिजे.”

पुढे त्यांनी दादाचं वय सांगितलं, शिक्षण, काम, निर्व्यसनी. घरी वडील आणि एक बहीण, दोन खोल्यांचं स्वतःचं घर. तिने पगाराचा आकडा टाकला तर तो पुसायला लावला.

“पहिल्याच निरोपात पगार? बाजार मांडलाय का? त्यांनी विचारलं तर सांगायचं. आणि ‘मुलगी बघायला येतो’ असं लिहू नकोस. मुलगी काय दुकानात मांडलीय? लिही, दोन्ही घरांनी एकदा भेटावं अशी इच्छा आहे. दिवस आणि जागा आपल्या सोयीने ठरवावी.”

“आणि अपेक्षा?”

“काही नाही. अपेक्षा लिहिल्या की मान जातो. शेवटी लिही, आमच्याविषयी अवश्य चौकशी करावी. योग नसल्यास तसंही निःसंकोच कळवावं, आम्ही मनात धरणार नाही. हे फार महत्त्वाचं. मुलीकडच्यांना नकाराची वाट मोकळी ठेवायची असते.”

सोबत फोटो गेला. एकट्याचा, सरळ समोर बघणारा. बाबांनी तोही निवडून दिला, डोळ्यांजवळ धरून, बराच वेळ.

तिने पाठवला. एक खूण उमटली. तिने सुस्कारा सोडला आणि चहा टाकायला उठली.

आधणाची वाफ वर येत होती तेव्हा मागे बाबा फोन डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “पोचला बरं का. दोन खुणा आल्या.”

तिच्या हातातलं झाकण ओट्यावर पडलं.

“दचकतेस काय? चांगली माणसं फोन जवळच ठेवतात.”

तिने स्वतःची समजूत घातली. बंद नंबर कंपन्या दुसऱ्या कोणाला देतात, दुकानात गिऱ्हाइकांकडून ऐकलेलं होतं. कोणीतरी परका माणूस तो निरोप वाचून हसला असेल. तिने स्वतःच्या फोनवरून तो नंबर लावून पाहिला. ‘हा क्रमांक अस्तित्वात नाही,’ एक बाई थंडपणे सांगत राहिली.

सोमवारी ती दुकानातून आली तेव्हा बाबांनी दाढी केलेली होती. चार महिन्यांत पहिल्यांदा. घरात साबणाचा वास होता आणि त्याखाली दुसरा एक, ओल्या सिमेंटसारखा, बंद जागेतला.

“उत्तर आलंय. वाच मोठ्याने.”

तिने वाचलं.

‘सप्रेम नमस्कार. आपला निरोप पोचला. पद्धतशीर लिहिलात, समाधान वाटलं. आपण म्हटल्याप्रमाणे चौकशी केली. आपल्या भगिनींशी सविस्तर बोलणं झालं. त्या आमच्याकडेच असतात. मुलालाही आम्ही पाहिलं आहे. शांत आहे. फार बोलत नाही. हातांचं ग्रीस अजून निघत नाही, तेवढंच. आमच्या मुलीला पसंत आहे. आता फक्त मोठ्यांची भेट राहिली. आपण उद्या दिवेलागणीला यावं. पत्ता कळवायची गरज पडणार नाही.’

स्वयंपाकघरातला फ्रिज घरघरून थांबला. इतकी शांतता झाली की बाबांचा श्वास ऐकू यायला लागला.

“बाबा…” ती कशीबशी म्हणाली. “माझं चुकलं. तो नंबर मुलीच्या वडिलांचा नाही. तो…”

“आत्याचा आहे. मला पाठ आहे तो. माझ्या बहिणीचा नंबर मला माहीत नसेल?”

तिने त्यांच्याकडे पाहिलं. बाबांचे डोळे स्वच्छ होते. त्यात वेडाचा मागमूस नव्हता, आणि तेच जास्त भयंकर होतं.

“मग… दादा…”

“माहितीय गं. मी खांदा दिलाय त्याला. बाप आहे मी, विसरेन कसा? पण तो नाही म्हटलं की सगळं संपतं. नोकरीवर गेलाय म्हटलं की संध्याकाळपर्यंत तरी तग धरता येतो.” त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. “पोरगा एकटा असेल असं वाटायचं रात्रंदिवस. आता त्याचा संसार मांडला जातोय. मुलाचा बाप बैठकीला नको?”

“आणि मी? मी नाही का तुमची?”

बाबांचा हात तसाच राहिला. ते म्हणाले, “आपण शब्द टाकलाय, बाळ. भेटीची इच्छा आपणच कळवली. आता न जाणं बरं दिसत नाही.”

रात्रभर ती दाराला पाठ लावून बसली. दुसऱ्या दिवशी दुकानात गेलीच नाही. डॉक्टरांना फोन केला, ते म्हणाले, संध्याकाळी काम आटोपून येतो. दिवस कूर्मगतीने सरकला. ऊन भिंतीवरून उतरलं, फळ्यावरून गेलं. बाबा आतल्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. इस्त्री टेकवल्याचा आवाज, मग फिरवल्याचा, मग टेकवल्याचा.

तेव्हा तिला सुचलं. नकाराची वाट. ती तर बाबांनीच मोकळी ठेवली होती! नकाराला कारण द्यायचं नसतं, कोणाला नाव ठेवायचं नसतं. ‘योग दिसत नाही’ एवढं म्हटलं की सभ्य माणसं पुन्हा विचारत नाहीत. तिने बाबांचा फोन उचलला.

‘सप्रेम नमस्कार. आपल्या उत्तराबद्दल आभारी आहोत. घरात विचार केला. योग जुळताना दिसत नाही. क्षमस्व. आपल्या कन्येला उत्तम स्थळ मिळो.’

खाली बाबांचं नाव घातलं आणि पाठवून दिलं.

आत इस्त्री फिरत होती. बाहेर दिवे लागत होते.

उत्तर लगेच आलं.

‘नकार कळला. मनात धरत नाही. पण निरोप येण्याआधीच मुलाचे वडील इथे पोचले आहेत. आल्या पाहुण्याला उंबऱ्यावरून परत पाठवणं आमच्यात बसत नाही. त्यांना बसवून घेतो.’

आत इस्त्रीचा आवाज थांबला होता. कधी थांबला, तिला कळलं नव्हतं.

“बाबा?”

बाबा आतल्या खोलीत इस्त्रीसमोर उभे होते. इस्त्रीचा शर्ट अंगात, केस नीट विंचरलेले. श्वास चालू होता. डोळे उघडे होते. तिने हाक मारली, हात धरला, गदागदा हलवलं. ते तिच्याकडे बघत होते, पण रस्त्यावर उभं राहून एखाद्या घराच्या बंद खिडकीकडे बघावं तसं.

डॉक्टर आले. मेंदूत रक्ताची गाठ असेल म्हणाले. दवाखाना झाला, यंत्रांत घालून झालं, गाठ काही सापडली नाही. पंधरा दिवसांनी घरी सोडलं. भरवलं तर जेवतात, चालवलं तर चालतात. बोलत नाहीत. त्या नंबरवरून पुन्हा कधी उत्तर आलं नाही. तिने कितीदा तरी लिहिलं, आमच्या बाबांना परत पाठवा, मी हात जोडते. पुढे एकच खूण.

पण दिवेलागण झाली की बाबा आपणहून सोफ्यावर येऊन बसतात. ताठ. समोरच्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघून मान डोलावतात, ओठ हलतात, मधूनच कोणाच्या तरी विनोदाला मंद हसतात. मग गुडघ्यांवर हात टेकून उठायला लागतात, बरं येतो आता, असं म्हणणाऱ्या माणसासारखे. ती रोज तेवढ्यासाठी दारात उभी राहते. अर्धे उठतात. आणि मग कोणीतरी फार आग्रह केल्यासारखे संकोचून परत खाली बसतात.

काल तिने ठरवलं, ते अर्धे उठले की धरायचं आणि ओढून काढायचं. ती दिवा न लावताच दारात थांबली. बाबा उठले नाहीत. बसल्या जागेवरून जरासे सरकले आणि शेजारी जागा केली. किती दिवसांनी, अगदी मायेने, त्यांचा आवाज फुटला.

“ये गं. लाजू नकोस. बस अशी.”

ती एक पाऊल पुढे आली. आणि मग तिला दिसलं, बाबा तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या खांद्यावरून, मागच्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे बघत होते.

तिने मागे वळून पाहिलं नाही. तिच्या दंडाला घासून एक गार झुळूक पुढे गेली, हळू, खाली बघत चालणाऱ्या नव्या नवरीच्या गतीने.

सोफ्याची ती रिकामी गादी सावकाश खाली दबली. बाबांच्या बाजूची थोडी वर आली, जणू तिथलं वजन कमी होत होतं.