मॉपचा स्टेप कट

शाल्मली डोईफोडेने सोमवारी केस कापून आल्यावर प्रयोगशाळेच्या दारातून आपल्या टेबलापर्यंत बावीस पावलं टाकली, आणि तेवढ्यात तिला एकतीस जणांनी 'सुंदर दिसतेस' असं कळवलं. त्यातल्या एकानेही मान वर केली नव्हती.

हे काम 'दखल'चं होतं. दखल म्हणजे चष्म्याच्या दांडीत बसवलेला, तांदळाच्या दाण्याएवढा कॅमेरा. समोरच्या माणसाचं कालचं आणि आजचं रूप तो ताडून बघायचा आणि फरक दिसला, की चष्मा घालणाऱ्याच्या नावाने कौतुकाचा संदेश धाडायचा. मुळात तो नवऱ्यांसाठी काढला होता. मग नवऱ्यांचं बघून सगळ्यांनीच घेतला. आता जालन्यात कुणाची दखल घेतली गेली नाही असं होत नसे, आणि कुणी कुणाकडे बघतही नसे.

सुमेध खरात मात्र बघायचा. त्याचं पोटच त्यावर चालायचं. ही बियाण्यांची उगवण तपासणारी प्रयोगशाळा. ओल्या कागदाच्या गुंडाळीत शंभर दाणे ठेवायचे, सातव्या दिवशी गुंडाळी उलगडायची आणि अंकुर मोजायचे : सामान्य, असामान्य, मेलेले. अर्धा मिलिमीटर वाकडं मूळ त्याला लांबून दिसायचं. शाल्मली समोरच्याच टेबलावर हेच करायची. दोन वर्षं तो तिच्यासमोर बसून मका मोजत होता आणि तिच्या लेखी आपण स्वतः कुठल्या रकान्यात बसतो ते त्याला चांगलं ठाऊक होतं.

सोमवारी त्याला तीन गोष्टी दिसल्या. तिची कमरेपर्यंतची वेणी गेली होती आणि मानेवर पायरीपायरीने उतरणारा स्टेप कट आला होता. तिच्या डाव्या अंगठ्याला पट्टी होती, म्हणजे केस तिने स्वतःच कापले होते. आणि तिसरी गोष्ट कोपऱ्यात उभी होती. प्रयोगशाळेचा दोऱ्यांचा मॉप गेले तीन आठवडे हळूहळू आखूड होत चालला होता. पहिल्या आठवड्यात वेडावाकडा, दुसऱ्यात बरा आणि आता त्याच्या डोक्यावर बिनचूक स्टेप कट होता.

सुमेधने चष्मा काढून खिशात ठेवला आणि मोबाइलवर स्वतःच्या अंगठ्याने लिहायला घेतलं. 'खूप सुंदर दिसतेस.'

"एकतीस जणांनी तेच म्हटलंय," मागून पठाणचाचा म्हणाले. ते प्रयोगशाळेचे सर्वात जुने कर्मचारी. मॉप त्यांच्या ताब्यात असायचा. "आणि तू काय परीक्षक आहेस? तिने गुण मागितले का तुझ्याकडे?"

सुमेधने ते खोडलं. लिहिलं, 'आधीपेक्षा छान.'

"म्हणजे शुक्रवारपर्यंत वाईट होती?"

तेही खोडलं. 'मला हे फार आवडलं.'

"तुझ्यासाठी कापलेत का बाबा?"

"मग लिहू तरी काय, चाचा?"

"तिने जे केलं, ते लिही. चेहरा अम्मी-अब्बांनी दिला, त्यात तिची काय मेहनत?"

सुमेध दोन गुंडाळ्या होईपर्यंत लिहीत बसला. 'कुणाकडून शिकलीस?' हा प्रश्न काढला, कारण प्रश्न विचारला की तिला उत्तराचं ओझं. 'मी रोज बघत होतो' हे तर दचकूनच काढलं. बदाम एक होता, तो काढताना जिवावर आलं. शेवटी एवढं उरलं :

'नवा कट बघितला. मॉपवर सराव केलेला दिसला. स्वतःच्या मागची रेघ स्वतःच्या हाताने सरळ आणणं अवघड, ती तू आणलीस. चिकाटीला दाद. उत्तराची गरज नाही.'

त्याने पाठवला आणि मान खाली घालून अंकुर मोजू लागला. समोर शाल्मलीने संदेश उघडला. ती वाचत राहिली. पट्टी बांधलेला अंगठा तिने मानेमागे नेला, रेघेवरून एकदा फिरवला आणि मॉपकडे बघून हसली. सुमेधचे मोजलेले अंकुर शंभरात एकशे सहा भरले.

एवढ्यावर थांबलं असतं तर गोष्ट सुखाची झाली असती. पण चष्मा तिच्याही डोळ्यांवर होता. दखलला रोज कोट्यवधी कौतुकं पाठवावी लागत आणि लोक ती सरासरी अर्ध्या सेकंदात पुसून टाकत. हा संदेश मात्र वाचणारीने चाळीस सेकंद वाचला होता. दखल चष्म्याच्या आतूनही बघायची : तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, गालांचे स्नायू हलले होते. असा संदेश सापडला की दखल तो 'नमुना' म्हणून उचले. तशी परवानगी सुमेधने चष्मा घेताना दिलेली होती. परवानगी छत्तीस पानी होती आणि ती वाचायला त्याला अर्धा सेकंद लागला होता.

मंगळवारी सकाळी चाचांना बहिणीचा संदेश आला : 'मॉपवर सराव केलेला दिसला. चिकाटीला दाद.' चाचांना पंधरा वर्षांपासून टक्कल होतं. समोरच्या शाळेतल्या मुख्याध्यापिकेला तो चारशे पालकांकडून आला. एका नवरदेवाला बोहल्यावर आला, आणि त्याने मुंडावळ्या सावरत सगळ्यांचे आभार मानले.

शाल्मलीला दोनशे बारा आले. प्रत्येकाखाली 'स्वतः लिहिलेला' असा शिक्का होता. तो शिक्काही दखलच मारायची.

सुमेध तिच्या टेबलापाशी गेला. "शाल्मली, तो मी लिहिला होता."

"सकाळपासून तू आठवा," ती गुंडाळी उलगडत म्हणाली. "मॅनेजरसाहेबही म्हणाले, मीच लिहिला."

"पण माझा काल आला."

"हो, पहिला आला. सर्व्हरवर तुझा नंबर आधी लागला असेल." तिने गुंडाळी बाजूला ठेवली. "काल मला खरं वाटलं होतं रे. एकवीस दिवस मी त्या मॉपशी झटापट केली. वाटलं, कुणीतरी बघितलं. घरी जाऊन आईला वाचून दाखवला. आज आईलाही तोच आला."

"चाचांना विचार! ते मागे उभे होते."

चाचांनी जोरजोरात मान हलवली. शाल्मली म्हणाली, "चाचांनीही मला तोच पाठवलाय."

"चष्म्याने पाठवला, बेटा! मी नाही!"

"तेच तर म्हणतेय मी."

सुमेधकडे अजून एक पुरावा होता. मॉपच्या डाव्या बाजूची सातवी दोरी तिने चुकून फार आखूड कापली होती आणि ती चूक झाकायला शेजारच्या दोन तिरक्या केल्या होत्या. हे त्या दोघांखेरीज जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. त्याने तोंड उघडलं. तेवढ्यात तिच्या चष्म्याच्या दांडीवर हिरवा ठिपका उजळला. दखलला कानही होते आणि ती ऐकत होती. आता बोललं, तर उद्या देशभर सातवी दोरी होणार होती.

त्याने तोंड मिटलं.

"हं," शाल्मली म्हणाली. "बाकीचे सात निदान पुढचं काहीतरी बोलले तरी." आणि ती मोजू लागली. सामान्य, सामान्य, मेलेला.

त्यानंतर तीन आठवडे ती त्याच्याशी फक्त मक्याबद्दल बोलली. केस वाढले, रेघ मोडली, आणि याची दखल घेणारे एकशे नव्वद संदेश आले. चाचांनी जुना मॉप टाकून दिला. म्हणाले, त्याचे केस गळायला लागले होते.

नवा मॉप सोमवारी आला. सुमेधच्या हाती लागला तेव्हा त्याचं वेष्टन कुणीतरी आधीच उघडलेलं होतं. त्याने तो कोपऱ्यात उभा केला आणि सवयीने दोऱ्या मोजल्या. डावीकडची सातवी दोरी आखूड होती. शेजारच्या दोन तिरक्या कापलेल्या.

त्याने वर बघितलं. शाल्मलीचा चष्मा टेबलावर पालथा पडला होता, आणि ती खाली मान घालून अंकुर मोजत होती. फार सावकाश.

मग त्याची नजर मॉपच्या वेष्टनावर गेली. तिथे ठळक अक्षरांत छापलं होतं : 'आता सरावासाठी कापलेला! चिकाटीला दाद.'

जुना मॉप दखलने त्याच्याच डोळ्यांवरच्या चष्म्यातून तीन आठवडे बघितला होता. मग ही दोरी कारखान्याने कापली होती, की तिने?