अनोळखी मुलगा, अनोळखी पुरुष

मिरजेच्या मंडईत हल्ली म्हातारी माणसं नमस्कार करायच्या आधी जरा थांबतात. दोन श्वास, जास्त नाही. मग एकदम चेहरा उजळतो आणि म्हणतात, "अरे, सुभाष! पाठदुखी काय म्हणते?" सुभाषला बरं वाटतं. थांबणं कशासाठी होतं हे त्यालाही ठाऊक असतं, पण तो ते दाखवत नाही. मिरजेची माणसं तेवढी शहाणी आहेत.

त्या दोन श्वासांत काय होतं, ते सांगतो. आजोबांच्या कानात वाटाण्याएवढा मणी असतो. मण्याला बारीक भिंग असतं, ते समोरचा चेहरा बघतं आणि खिशातल्या पाकिटाला कळवतं. पाकीट आपल्याकडच्या चेहऱ्यांशी तो ताडून पाहतं आणि मण्यातून हळूच सांगतं, "हा सुभाष. शेजारी. पाठ दुखते." ज्यांना विस्मरणाचा आजार आहे त्यांच्यासाठी हे केलेलं. नाव आठवणपाकीट. दिसायला अगदी साधं, चामड्याचं, कारण म्हाताऱ्या माणसाचा हात सवयीने पाकिटाकडेच जातो. त्यातले चेहरे आणि आवाज फक्त त्या पाकिटातच राहतात, बाहेर कुठेही त्यांची नक्कल नसते. लोकांचे चेहरे कुठे कुठे साठवले जातात यावरून आधी बरीच बोंबाबोंब झाली होती, म्हणून हा नियम.

निषादच्या आप्पांकडे असं पाकीट नव्हतं. सरकारी दवाखान्यात नाव घातलं होतं. फोन येईल, असं तिथे सांगितलं होतं. फोन काही येत नव्हता.

निषाद पाचवीत होता. आप्पा म्हणजे त्याच्या आईचे वडील. जन्मभर टायरचं दुकान चालवलेला माणूस, हात अजून दणकट. पण रोज सकाळी चहाचा कप हातात घेतला की निषादकडे बघून विचारायचे, "काय रं पोरा, तू कुणाचा?" पहिल्यांदा निषाद हसला होता. नंतर नंतर तो उत्तर न देताच दप्तर उचलून निघायला लागला. सांगून उपयोग काय, उद्या परत तेच! असं तो स्वतःशी म्हणायचा.

रविवारी सकाळी आई कामावर गेली होती. निषाद आप्पांचा हात धरून मंडईत मटार आणायला गेला. परत येताना आप्पा दमले म्हणून दोघं मंडईतल्याच बसथांब्याच्या बाकावर टेकले, आणि बाक आणि भिंत यांच्या फटीत निषादला ते दिसलं. तपकिरी पाकीट, कोपऱ्यात बारीक दिवा, आतल्या खिशात मणी. दिवा विझलेला होता.

आता निषादची आई एसटी स्टँडवर हरवलं-सापडलं खोलीत कामाला होती. सापडलेली वस्तू कुठे द्यायची हे मिरजेतल्या दुसऱ्या कुठल्या पोराला माहीत नसलं, तरी ह्याला होतं! पण त्याने ते पाकीट मटारच्या पिशवीत टाकलं आणि वर मटार ओढून घेतले. मग आप्पांना उठवून तो घाईघाईने घराकडे निघाला.

घरी आल्यावर आप्पांसमोर मटार सोलायला ठेवले आणि पाकीट फोनच्या चार्जिंग-पाटीवर ठेवलं. थोड्या वेळाने दिवा लाल झाला. निषादने मणी कानात घातला. भिंगाने आधी आरशातला तो पाहिला, मग मटार सोलणारे आप्पा.

"अनोळखी मुलगा," मणी म्हणाला. "अनोळखी पुरुष."

निषादला भयंकर राग आला. अनोळखी काय? माझे आप्पा आहेत ते!

पाकीट कोरं कसं करतात हे त्याला माहीत होतं. वर्गातल्या केयाची आजी वारल्यावर तिच्या घरच्यांनी तिचं पाकीट कोरं करून दुसऱ्या आजोबांना दिलं होतं, केयाने सगळं वर्णन करून सांगितलं होतं. पासवर्ड नव्हताच. ज्याला स्वतःचं नाव आठवत नाही, त्याला पासवर्ड कुठून आठवणार? पाकीट बनवणाऱ्यांनी त्याऐवजी वेगळीच युक्ती केली होती. दोन्ही कोपरे दाबून धरायचे, पाकीट सांगेल ते ऐकायचं आणि शेवटी 'हो' म्हणायचं.

निषादने कोपरे दाबले.

"सगळ्या ओळखी पुसल्या जातील," मणी म्हणाला. "पुसण्याआधी ऐका."

मग एका बाईंचा आवाज आला. थोडा घोगरा, सावकाश बोलणारा.

"मी शालन. तुमची बायको. मी हाताला धरलं की भ्यायचं नाही."

निषादची बोटं कोपऱ्यांवर तशीच राहिली.

"ही रेवा. आपली नात. तुम्ही हिला चिमणी म्हणता. हा बापू, दूधवाला. हा पैसे मागत नाही, नमस्कार करतो. त्याला चहा विचारा."

एकेक माणूस येत होतं आणि जात होतं. निषादने मणी कानातून उपटला. त्याला पुढचं ऐकवेना. पण मनात दुसरंही चालू होतं. एकदा 'हो' म्हटलं की उद्या सकाळी आप्पा चहाचा कप घेऊन म्हणतील, 'निषाद, झोप झाली का रे?' नुसतं एकदा. एवढंच तर त्याला हवं होतं. त्या आजींना दुसरं पाकीट मिळेल की! त्या पुन्हा सगळं बोलून घेतील. बघू तरी आप्पांना मणी बसतो का, म्हणून त्याने तो आप्पांच्या कानात घातला. पाकीट पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

आप्पांच्या हातातली शेंग गळून पडली.

"शालन?" ते पुटपुटले. "माझी बायको? मग गोदा कुठं गेली?" ते उठून उभे राहिले. घरभर बघायला लागले. "गोदा! अगं गोदा! कोण बाई ही? काय म्हणतीया ही?"

गोदाआजी निषादच्या जन्माआधीच गेली होती. आप्पांना एवढं घाबरलेलं त्याने कधी पाहिलं नव्हतं. त्याने पटकन मणी काढला आणि आप्पांना दोन्ही हातांनी घट्ट धरलं. "काही नाही आप्पा, चुकून लागलं. ते तुमचं नाहीये. दुसऱ्या आजोबांचं आहे." आप्पांची छाती वरखाली होत होती. कुठेतरी ते दुसरे आजोबाही आत्ता असेच उभे असतील, हे तेव्हा त्याच्या लक्षात आलं. त्यांना तर धरलेला हात कुणाचा हेही कळत नसेल.

मणी टेबलावर पडून बारीक आवाजात विचारत होता, "पुसू का?"

"नाही!" निषाद इतक्या जोरात ओरडला की आप्पाच त्याला म्हणाले, "अरं, हळू."

आता पाकीट परत द्यायचं, पण द्यायचं कुणाला? आत पत्ता नव्हता. विस्मरण झालेल्या माणसाचा पत्ता कुणाही सोम्यागोम्याच्या हाती पडू नये, म्हणून तो मुद्दामच नसतो. मात्र चार्ज झालं की पाकीट हाक मारतं, रेडिओची, आपल्याला ऐकू न येणारी. जवळून जाणाऱ्या कुणाच्याही फोनला ती हाक ऐकू जाते आणि तो फोन गुपचूप 'इथे आहे' असं पुढे कळवतो. फोनवाल्याला त्याचा पत्ताही नसतो. तो निरोप उलगडता येतो फक्त घरच्यांनाच. हाक मात्र लांब जात नाही, भिंतीत तर अडकतेच. म्हणून निषादने चार्जिंग-पाटी उचलून रस्त्याकडच्या खिडकीत ठेवली आणि पाकीट तिच्यावर ठेवलं. दिवा निळा झाला. समोरून भाजीचा गाडा गेला, शिकवणीची पोरं गेली, एक स्कूटर गेली. जाईल त्याच्याकडे निषाद आशेने बघत होता.

आधी आई आली. निषादने तिला सगळं सांगितलं, मटारच्या पिशवीपासून 'पुसू का'पर्यंत. आई रागावेल असं त्याला वाटलं होतं. ती नुसतीच त्याच्याजवळ खाली बसली आणि तिने पदराने स्वतःचेच डोळे पुसले.

"आई, मी चोर आहे का गं?"

"झाला असतास," आई म्हणाली. "थोडक्यात राहिलास, गाढवा." आणि तिने त्याला जवळ ओढलं.

तेवढ्यात दार वाजलं. आईने आधी पाकीट उचलून पदराखाली घेतलं. "वस्तू आधी दाखवायची नाही," ती निषादला हळूच म्हणाली. "आधी खूण विचारायची. दाखवल्यावर कुणीही म्हणतं, माझंच!"

दारात एक थकलेल्या आजी होत्या. मागे रिक्षात एक आजोबा अंग चोरून बसले होते. "आमचं पाकीट... फोनमध्ये तुमचं घर दाखवतंय," आजी म्हणाल्या. आवाज तोच, घोगरा. निषादने तो लगेच ओळखला. पण आईने विचारायचं ते विचारलंच. "काही खूण सांगता का, आजी?"

"आतला खिसा उसवला होता. निळ्या दोऱ्यानं मीच शिवलाय. तपकिरी दोरा सापडला नाही, बाई."

आईने खिसा उलटा केला. निळा टाका होता.

मंडईतून येताना कान खाजतो म्हणून आजोबांनी मणी काढून ठेवला होता, पाकीट बाकावरच राहिलं. चार्जिंग संपत आलेलं, शेवटची हाक मंडईतून आली आणि बंद पडली. आजींनी सगळी मंडई पालथी घातली होती, फक्त त्या फटीत काही बघितलं नाही. "कालपासून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत," त्या म्हणाल्या. "परकी बाई म्हणतात मला."

त्यांनी रिक्षात जाऊन आजोबांच्या कानात मणी घातला. आजोबांनी वर पाहिलं. दोन श्वास गेले.

"शालन," ते म्हणाले. "तू जेवलीस का?"

आजी रस्त्यातच रडायला लागल्या. निषादही रडला, आणि रडत रडतच त्याने त्यांना सांगून टाकलं. "आजी, मी ते पुसणार होतो. माझ्या आप्पांसाठी."

शालनआजींनी डोळे पुसले. मग दारात उभ्या असलेल्या आप्पांकडे त्यांनी पाहिलं. "ओळखत नाहीत का रे तुला?"

निषादने मान हलवली.

"पाकीट यायच्या आधी मीच सांगायचे यांना, रोज सकाळी. मी शालन, तुमची बायको. चिडायचं नाही, परीक्षा घ्यायची नाही, नुसतं सांगायचं. दमले, म्हणून पाकीट घेतलं." त्यांनी निषादच्या गालावरून हात फिरवला. "तू अजून दमला नाहीस. तू सांग."

दुसऱ्या दिवशी आप्पांनी चहाचा कप उचलला आणि विचारलं, "काय रं पोरा, तू कुणाचा?"

निषादने दप्तर खाली ठेवलं. आप्पांचा हात धरला. "मी निषाद. तुमचा नातू. मी हाताला धरलं की भ्यायचं नाही."

"बरं," आप्पा म्हणाले आणि चहा प्यायले.

रोज तेच चाललं. कधी आप्पा हसायचे, कधी "असं का!" म्हणायचे, कधी नुसतं बघत राहायचे. दवाखान्याचा फोन अजूनही आला नव्हता.

मग एका रविवारी दोघं त्याच बाकावर बसले असताना शालनआजी आणि त्यांचे आजोबा तिथे आले. आजोबांनी निषादकडे पाहिलं, दोन श्वास थांबले आणि म्हणाले, "निषाद! पाकीटवाला!" आजींनी ते पाकिटात भरून ठेवलं होतं. सगळे हसले.

"आणि तुम्ही?" आजोबांनी आप्पांना विचारलं. "हा तुमचा कोण?"

आप्पा थांबले. कानात मणी नाही, खिशात पाकीट नाही. त्यांनी निषादकडे नीट निरखून पाहिलं. नाव काही सापडेना. ओठ हलले आणि परत मिटले. निषादने सांगायला तोंड उघडलं, पण आजींनी त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"नाव ध्यानात नाही," आप्पा शेवटी म्हणाले. त्यांनी हात पुढे करून निषादचा हात आपल्या मुठीत घेतला. "पण हा असला की भ्यायचं नसतं."

निषाद त्या दणकट हाताकडे बघत राहिला. डॉक्टर तर म्हणाले होते, नवीन काही आता यांच्या डोक्यात राहायचं नाही. मग हे कुठे राहिलं?