भैरवकड्याचे पाणी

पूर्वेच्या डोंगररांगेमागून सूर्य वर आला, तेव्हा भैरवकड्याच्या चहूबाजूंनी शत्रूचे तंबू दिसू लागले आणि तटावर रात्रभर जागलेल्या शिबंदीने निमूटपणे पगड्या सावरल्या. वैशाख तापत होता. खालच्या माचीवरचे टाके तोफेच्या माऱ्यात आले होते. पण त्याची कोणाला फारशी धास्ती नव्हती, कारण तिथले सारे पाणी बालेकिल्ल्यातल्या जुन्या, बंदिस्त टाक्यात हलवले होते. ही मसलत शिधापाण्याचा कारकून अंताजी भास्कर याची. विशीतल्या पोराने सदरेवर छाती पुढे काढून ती मांडली आणि किल्लेदार हैबतराव निंबरे यांनी त्याला शेला दिला होता.

त्या टाक्याचे पाणी आता संपत आले होते, हे एकट्या अंताजीला ठाऊक होते.

जुन्या टाक्याला चीर होती म्हणूनच ते ओस पडले होते. बहिर्जी गवंड्याला विचारले असते, तर त्याने सांगितले असते की चुना नीट मुरू द्यावा लागतो, चीर खरवडून दगड भिजवावा लागतो, आणि लेप दिल्यावर तो बरेच दिवस ओला राखावा लागतो. पण विचारायचे म्हणजे आपल्याला येत नाही हे कबूल करायचे, आणि शेला तर आधीच खांद्यावर पडलेला. अंताजीने ताज्या चुन्याने चीर लिंपली आणि घाईघाईने पाणी भरले. लेप तडकला. पाणी कड्याच्या पोटात झिरपत राहिले. मग टाक्याच्या दाराची किल्ली त्याने कमरेला लावली, पाणी स्वतःच मोजून देऊ लागला, आणि आत उतरून चिखलाने, चिंध्यांनी, अखेर त्याच शेल्याने ती चीर बुजवत राहिला. काही उपयोग झाला नाही.

एकदा त्याने गडाचे हिशेब पाहणाऱ्या थोरल्या सबनिसांकडे विषय काढला होता. पाणी जरा उतरल्यासारखे वाटते, असे तो मोघम बोलला. उन्हाळ्यात उतरायचेच, असे म्हणून सबनीस कामाला लागले, आणि आपण सांगितले खरे, अशी अंताजीने मनाची समजूत घालून घेतली. लबाड समजूत होती ती, आणि त्यालाही ते कळत होते.

त्या सकाळी शत्रूचा वकील कौल घेऊन सदरेवर आला. गड खाली करावा, किल्लेदाराने स्वाधीन व्हावे. बाकी बायकापोरे, जखमी, शिबंदी, कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही. नकार आला, तर पुन्हा कौल नाही. हैबतराव हसले. पावसाळ्यापर्यंत पुरेल इतके पाणी आपल्यापाशी आहे, या भरवशावर त्यांनी नकारासाठी तोंड उघडले, तोच अंताजी मानकऱ्यांच्या रांगेतून पुढे झाला. मुजरा करून तो खालच्या आवाजात म्हणाला, "उत्तर देण्याआधी सरकारांनी आतल्या दालनात यावे. माझे बोलणे वकिलासमोर बोलण्याजोगे नाही."

हैबतरावांच्या कपाळावर आठी चढली, पण ते उठले.

आत गेल्यावर अंताजीने प्रस्तावना केली नाही. "टाके फुटले आहे. उद्या सांजेपर्यंत पुरेल इतकेच पाणी आहे. लेप मी चुकीचा दिला, कोणाला न विचारता. बुजवायचे सारे करून पाहिले, जमले नाही. हे माझ्या एकट्याच्याने निस्तरत नाही, सरकार. मला मदत हवी आहे."

हैबतरावांनी बहिर्जीला बोलावून टाक्यात उतरवले. त्याने वर येऊन मान हलवली. लेप नव्याने देता येईल, पण साठवायला पाणी कुठून आणायचे?

"कधीपासून गळते आहे?" हैबतरावांनी विचारले.

"अमावास्येच्या आधीपासून."

"तेव्हा कड्याखालचा झरा आपल्या हाती होता. अंधारात मशका भरून आणता आल्या असत्या." त्यांचा आवाज चढला नाही, आणि अंताजीला तेच सोसवेना. "आता तिथे त्यांचे सैन्य मोर्चा लावून बसले आहे. पंत, हे मागायला तुम्ही फार उशीर केलात."

"होय, सरकार."

"तरी मागितलेत. मी नकार दिला असता, तर परवा पोरे तहानेने मेली असती आणि मी त्यांच्याकडे बघत बसलो असतो." त्यांनी कमरेची तलवार सोडून हातात घेतली आणि कौल स्वीकारायला ते सदरेवर गेले.

उन्हे कलली तेव्हा महादरवाजा उघडला. हैबतरावांना बेड्या घालून दुसऱ्या वाटेने नेले. ते परत आले नाहीत. गड घालवला म्हणून आपल्याच दरबाराने त्यांच्या घराण्याचे वतनही पुढे जप्त केले, आणि अंताजीने दरबारी जाऊन चूक आपली असे सांगितले, तेव्हा एका कारकुनाच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

पण त्या संध्याकाळी तो गडाच्या पायऱ्यांवर एका जखमी गोलंदाजाची डोली धरून उभा होता. पुढचा भोई उन्हाने कोसळला होता. अंताजीने एकट्याने दांडा उचलून पाहिला, डोली कलंडली, गोलंदाज कण्हला. शेजारी पहाऱ्यावर शत्रूचा एक शिपाई भाल्यावर रेलून उभा होता. अंताजीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. ते न पुसताच तो त्याला म्हणाला, "मला एकट्याला पेलत नाही. जरा हात लावता?"

शिपायाने क्षणभर त्याच्याकडे पाहिले. मग भाला तटाला टेकवून त्याने पुढचा दांडा खांद्यावर घेतला.