हे काम कुणाचं?

तळवड्याच्या त्या शेडमध्ये दिवस सुरू व्हायचा तो झाडूनं. आधी जमीन झाडायची, लोखंडाचा कीस चुंबकानं वेचायचा, मग कामाला हात. वीज गेली ती परत आलीच नाही, त्यापाठोपाठ ताप आला, आणि त्यानंतर जी माणसं उरली त्यातली साठेक या शेडमध्ये राहत होती. पूर्वी इथं गाड्यांचे सुटे भाग बनायचे. आता जे मोडेल ते दुरुस्त व्हायचं. देहूहून शिलाई मशीन यायचं, तळेगावहून कुणी डोक्यावरून पिठाच्या चक्कीची मोटर आणायचा. त्या बदल्यात ज्वारी, तेल, कधी कोंबडी मिळायची.

ज्योतीराम मोटरी भरायचा. म्हणजे जळालेल्या मोटरीतली तांब्याची तार काढून नवी भरायचा. खरं तर हे काम त्याच्या बायकोचं, मिनलचं. भोसरीच्या वायंडिंगच्या दुकानात तिनं बरीच वर्षं तेच केलं होतं आणि ज्योतीराम तिच्याकडूनच शिकला. मिनल तापात गेली. तिच्यामागं तिची हत्यारं राहिली आणि हा राहिला.

शेडमध्ये एक नियम होता. दुरुस्त झालेली वस्तू पहिल्यांदा चालू करताना वडीलधारी दुर्गाबाई मोठ्यानं विचारायची, "हे काम कुणाचं?" ज्यानं केलं त्यानं "माझं" म्हणायचं आणि उघडा तळहात वस्तूवर ठेवायचा. मगच बटण दाबायचं. दोघांनी केलं असेल तर दोन हात. तार कुठं वस्तूच्या लोखंडी अंगाला लागली असेल तर झटका करणाऱ्यालाच बसेल, म्हणून जो तो आपलं काम तीनदा तपासायचा. हा नियम पंप दुरुस्त करणाऱ्या रहिमानचा. त्याचा पुतण्या अरबाज एका कूलरला चिकटून गेला होता, आणि तो कूलर कुणी जोडला हे कुणीच कबूल केलं नव्हतं.

एका वर्षी विहिरीवरच्या पंपाची मोटर जळाली. विहिरीचं पाणी तसं पिण्यासारखं नव्हतं. कंपनीच्या जुन्या फिल्टरमध्ये बारीक पोकळ नळ्यांची जुडगी होती. पाणी तिच्यातून झिरपायचं, पण दाब असेल तरच. दाब द्यायचा पंप, आणि पंपाला वीज छतावरच्या सोलरची. पंप बंद पडल्यावर लोक इंद्रायणीवर गेले. पूर्वी नदीवर कारखान्यांचा पांढरा फेस असायचा. आता फेस नव्हता, म्हणून सगळ्यांनी पाणी चांगलं धरलं. आठवड्यात निम्मी शेड जुलाबानं आडवी झाली. उकळायला लाकूड पुरत नव्हतं. जे होतं ते आजाऱ्यांच्या पाण्याला ठेवलं होतं, आणि त्यातलं पहिलं दुर्गाबाईच्या नातीला, करिष्माला. पोर सात वर्षांची. डोळे आत गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची.

"मोटर कधी?" दुर्गाबाईनं विचारलं.

"घाईत भरली तर परत जळेल, मावशी."

"मी घाई कर न्हाई म्हणलं. कधी, ते विचारलं."

रहिमाननं पंप उघडला. पाणी आणि मोटर यांच्यामधलं सील झिजलं होतं. तिथून पाणी आत झिरपलं आणि तारेचं वायंडिंग जळलं होतं. सील तसंच राहिलं असतं तर नवी तारही महिन्यात गेली असती. त्यानं काचेच्या तुकड्यावर बारीक पेस्ट लावली आणि सीलची तोंडं घासत बसला. इंग्रजी आठाच्या आकारात, हलक्या हातानं, चमक सगळीकडं सारखी येईपर्यंत.

ज्योतीरामनं मोटरचं बाहेरचं पोकळ लोखंड, स्टेटर, समोर घेतलं. एका बाजूची तार छिन्नीनं कापली. मग मंद आचेवर लोखंड तापवलं. आच जास्त झाली तर लोखंडाच्या पातळ पत्र्यांमधला लेप जळतो आणि मग मोटर कितीही चांगली भरा, ती तापतच राहते. जुनं व्हार्निश मऊ झाल्यावर त्यानं तारा ओढून काढल्या. एक कॉइल मात्र अख्खी ठेवली. तिच्यावरून वेढे मोजायचे, तारेची जाडी बघायची, किती खाचा सोडून ती बसते ते बघायचं. मिनल म्हणायची, जळालेली मोटरच सांगते कसं भरायचं, फक्त तिला पुरती मोडू नका.

खाचा साफ करून त्यानं त्यांत कागद बसवले. लाकडी साच्यावर कॉइल गुंडाळल्या आणि बांबूच्या पट्टीनं एकेक तार खाचेत सारायला लागला. त्याची बोटं जाड होती. तारेवरचा लेप खरवडू नये म्हणून त्याला फार हळू जावं लागायचं. दुपारपर्यंत थोड्याच खाचा भरल्या. मग तो भाकरी खायला गेला.

परत आला तेव्हा भरलेल्या खाचा जास्त दिसल्या. त्याला वाटलं, आपणच मघाशी भरल्या असतील. दुसऱ्या दिवशी तो नदीच्या बाजूला सरपण आणायला गेला आणि उन्हं कलायच्या आत आला. या वेळी शंका उरली नाही. स्टेटर अर्ध्याच्या वर भरलेलं होतं. दोन-दोन कॉइलांच्या मध्ये कागदाच्या पाकळ्या नेमक्या कापून घातलेल्या. तारांच्या टोकांना नळ्या चढवलेल्या. बांधणीचा दोरा बाहेरून आत वळवून गाठ आतल्या अंगाला दडवलेली, मिनल दडवायची तशी.

तो रहिमानकडं गेला. "माझ्या कामाला हात लावलास?"

"भाऊ, मला सील पुरतंय. तुझ्या तारा बघितल्या की माझं डोकं फिरतं."

दुर्गाबाई दारातच डाळ निवडत बसली होती. कोण आत गेलं, असं त्यानं तिला विचारलं.

"कोन जातंय? समदी आडवी." तिनं मान वर केली. "तू सरपनाला कवा गेलास?"

"जेवल्यावर लगेच."

"मग आत कुनाशी बोलत व्हतास?"

तिनं सूप खाली ठेवलं.

"बोलत म्हंजी, बोलत न्हाई. हळूच मोजत व्हतं कुनीतरी. मला वाटलं तूच."

ज्योतीरामनं त्यातली एक कॉइल बाहेर काढून मोजली. वेढे बरोबर होते. वीज कुठं गळते का ते दाखवणारा, हातानं फिरवायचा मेगर त्यानं तारेला आणि लोखंडाला लावला आणि दांडा फिरवला. काटा सरकत पार टोकाला गेला आणि तिथंच थांबला. कुठंही गळती नव्हती. असं काम त्याच्या हातून कधीच झालं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्यानं कामाला हात लावला नाही.

उरलेल्या खाचा तशाच ठेवून तो स्टेटरसमोर बसला. सकाळ गेली. पत्र्यावर ऊन चढलं, पत्रे कडकड वाजले. त्यानं डोळे हलवले नाहीत. एकही तार हलली नाही. पाणी उतरावं तसं एकेक तास उतरत गेला. पलीकडून करिष्माच्या कण्हण्याचा आवाज येत होता. दुपारनंतर तोही बारीक झाला.

रहिमान येऊन उभा राहिला. बराच वेळ त्यानं बघितलं.

"बायकोची वाट बघतोयस का पाण्याची?"

ज्योतीरामची नजर स्टेटरवरून हलली नाही.

"मी अरबाजची बघितली. लई दिवस. कूलर उघडून ठेवला होता मी." रहिमाननं बांबूची पट्टी उचलून त्याच्या हातात दिली. "पोरीला दोन दिवस सुद्धा नाहीत, राव."

ज्योतीरामनं उरलेल्या खाचा स्वतः भरल्या. ओबडधोबड, पण खऱ्या. जोड डागले, दोरा बांधला. त्याच्या गाठी बाहेर दिसत होत्या, त्या दुसऱ्या गाठी दिसत नव्हत्या. मेगर लावला. मग व्हार्निश ओतलं, निथळू दिलं, आणि पत्र्याच्या पेटीत कोळशाच्या धगीवर स्टेटर ठेवलं. रात्र आणि पुढची सकाळ धग मोडू दिली नाही. नखानं दाबून बघितलं. व्हार्निश काचेसारखं कडक झालं होतं. मोटरचं झाकण बसवलं, नट आवळले, पंप विहिरीच्या कठड्यावर नेऊन बसवला.

ऊन डोक्यावर आल्यावर जे उभे राहू शकत होते ते जमले. रहिमान स्विचपाशी गेला. दुर्गाबाईनं पदर खोचला.

"हे काम कुनाचं?"

ज्योतीरामनं तोंड उघडलं. 'माझं' एवढंच म्हणायचं होतं.

"अर्धं माझं," तो म्हणाला.

दुर्गाबाईनं कपाळाला आठ्या घातल्या.

"उरल्यालं?"

"माहीत नाही."

रहिमानचा हात स्विचवरून खाली आला. "मग उघड. परत भर सगळी. ज्याचं नाव नाही ते चालू होणार नाही. नियम आहे."

"उघडली तर तीन दिवस जातील."

"मला कळतं किती जातील!" रहिमान ओरडला. मग हळू म्हणाला, "या नियमाची किंमत मला सांगतोस?"

दुर्गाबाईनं शेडकडं बघितलं. आतून काहीच आवाज येत नव्हता. तिनं पुन्हा तोंड वळवलं आणि परत विचारलं. या वेळी ती ज्योतीरामकडं बघत नव्हती.

"हे काम कुनाचं?"

"दोघांचं," ज्योतीराम म्हणाला.

"मग दोन हात लागत्यात."

"लागतील."

त्यानं उजवा तळहात मोटरवर ठेवला. बिडाचं लोखंड उन्हातही थंड होतं. त्याचे पाय ओल्या दगडावर उघडे होते.

रहिमाननं त्याच्याकडं बघितलं. मग डोळे मिटून स्विच दाबला.

मोटर घुमली. चढत गेली, आणि एका सुरावर स्थिर झाली.

झटका बसला नाही.

त्याच्या हातावर वजन आलं.

हलकं होतं. झोपलेल्या माणसाचा हात असतो तसं.

त्यानं हात काढला नाही.

फिल्टरवरचा दाबाचा काटा वर गेला. नळ खाकरला, गढूळ थुंकला, आणि मग पाणी आलं. दुर्गाबाई कळशी भरून शेडकडं धावली. साखर-मीठ घालून चमच्याचमच्यानं तिनं पोरीला पाजलं. संध्याकाळी करिष्मानं डोळे उघडले आणि पाणी खारट लागतंय म्हणून तक्रार केली. शेडमध्ये बऱ्याच दिवसांनी कुणीतरी हसलं. दुसऱ्या कोपऱ्यातली दोन म्हातारी माणसं मात्र त्या पाण्यापर्यंत पोचली नाहीत. पंपाचं बेअरिंगही जुनंच होतं. ते कधीतरी जाणार हे रहिमाननं सगळ्यांना सांगून ठेवलं, आणि दुसरं शोधायला चाकणला कोण जाणार यावरून भांडणही झालं.

ज्योतीराम नळावर हात धुवायला बसला. उजव्या हाताच्या पाठीवर व्हार्निश होतं. ताजं, चिकट, वासाचं.

रहिमाननं रॉकेलचा बोळा पुढं केला. मग त्याला ते दिसलं आणि त्यानं बोळा मागं घेतला.

चार बोटं स्पष्ट उमटली होती. अंगठ्याची जागा सुद्धा. बोटांची टोकं ज्योतीरामच्या मनगटाकडं होती. म्हणजे हात शेजारून आला नव्हता, मोटरच्या पलीकडून, समोरून आला होता.

मोटरच्या पलीकडं उभं राहायला जागा नव्हती. तिथं कठडा संपत होता, आणि खाली विहीर होती.